मुस्लिम मित्राला सांत्वनाचे पत्र

मुस्लिम कुटुंबात मृत्यू झाला की दफन लांबवत नाहीत. माणूस पहाटे गेला, तर बहुतेक वेळा दुपारच्या जोहरच्या किंवा तिसऱ्या प्रहरीच्या असरच्या नमाजनंतर त्याला मातीच्या स्वाधीन केलेले असते. परगावी असलेल्या मित्राला निरोप मिळतो, तो प्रवासाची जुळवाजुळव करतो, तोवर कब्रस्तानातून माणसे घरी परतलेली असतात. त्यामुळे मुस्लिम मित्राच्या दुःखात हिंदू मित्राचा सहभाग पुष्कळदा पत्रातून किंवा मोबाइलवरच्या चार ओळींतून होतो. या चार ओळी लिहिताना अडचण येते ती भावनेची नसते. मराठीत सांत्वनासाठी जी तयार वाक्ये आहेत, त्यांतली बरीचशी हिंदू कल्पनांवर उभी आहेत, आणि समोरच्या घरात पुढचे काही दिवस काय घडणार आहे याची लिहिणाऱ्याला कल्पना नसते.

त्या घरात काय चालले आहे

पत्र लिहिण्यापूर्वी विधींचा क्रम थोडक्यात माहीत असला की पुरते. मृतदेहाला आधी गुस्ल, म्हणजे विधिपूर्वक स्नान घालतात. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया स्नान घालतात. मग न शिवलेल्या पांढऱ्या कापडाचे कफन गुंडाळतात. पुरुषासाठी त्याचे तीन आणि स्त्रीसाठी पाच भाग असतात. त्यानंतर जनाजाची नमाज होते. ही नमाज उभ्यानेच पढली जाते, तिच्यात वाकणे किंवा माथा टेकणे नसते. कबरीत मृताचा चेहरा मक्केच्या, म्हणजे भारतात पश्चिमेच्या दिशेने केला जातो आणि जमलेली माणसे तीन-तीन मुठी माती टाकतात. अनेक घरांतल्या स्त्रिया दफनाच्या वेळी कब्रस्तानात जात नाहीत, त्या घरीच थांबून कुराण पढतात.

दफनानंतर पहिले तीन दिवस शोकाचे मानले जातात. नातेवाईक आणि शेजारी याच काळात भेटीला येतात. या भेटीला उर्दूत ताजियत म्हणतात. शोक असलेल्या घरी चूल पेटू नये, जेवण इतरांनी पाठवावे, ही जुनी रीत आहे. मुता येथील लढाईत जाफर हे चुलतभाऊ पडल्यावर त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, असे पैगंबरांनी सांगितल्याची परंपरा या रीतीमागे आहे. सुतकातल्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन देण्याची महाराष्ट्रातली पद्धत याच जातीची आहे. त्यामुळे जवळ राहणाऱ्या मित्राने डबा पाठवला तर त्यात परके काही वाटत नाही. शाकाहारी डबा पाठवला म्हणजे मांस हलाल आहे का, हा प्रश्नही उरत नाही.

तीन दिवसांनंतर पत्नीखेरीज इतरांनी शोक लांबवू नये, असे धर्मशास्त्र सांगते. पत्नीसाठी मात्र चार महिने दहा दिवसांची इद्दत असते, आणि ती गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत. हा काळ चांद्र महिन्यांनी मोजतात. मृत्यू महिन्याच्या मध्येच झाला असेल, तर तो साधारण 130 दिवसांचा धरतात. या दिवसांत ती दागिने घालत नाही, नटत नाही आणि गरजेशिवाय घराबाहेर राहत नाही.

यापुढच्या बाबतीत घरोघरी फरक पडतो. काही घरांत तिसऱ्या दिवशी जियारत, पुढे कुराणखानी आणि चाळिसाव्या दिवशी चहल्लुम असतो, तर काही घरांना हे मान्य नसते आणि ते फक्त वैयक्तिक दुआ करतात. हा फरक एकाच गल्लीतल्या दोन घरांत, कधी एकाच घरातल्या दोन भावांतही असतो. महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी मुस्लिम हनफी परंपरेचे, तर कोकणी मुस्लिम शाफई परंपरेचे आहेत. शिया आणि दाऊदी बोहरा समाजाच्या प्रथा आणखी वेगळ्या आहेत. म्हणून ‘चाळिसावा कधी आहे?’ असे पत्रात गृहीत धरून विचारू नये. दिवस असेल तर निरोप येतोच.

पहिला कच्चा मसुदा

सदिच्छेने लिहिलेले पत्रही कुठे चुकते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या मिरजेतल्या बालमित्राचे वडील वारले. त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. बातमी रात्री कळली, दफन दुपारीच झाले होते. सुचेल तसे लिहिलेले पत्र साधारण असे होते:

‘प्रिय मित्रा, कै. चाचांच्या निधनाची बातमी समजून अतिशय दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो. तू खंबीर राहा, रडत बसू नकोस, आता घरच्यांना तुझाच आधार आहे. तेरावं झालं की चाचींना पंधरा दिवस आमच्याकडे घेऊन ये, त्यांनाही जरा बदल होईल. काही लागलं तर केव्हाही सांग.’

या पत्रात मनाचा खोटेपणा कुठेही नाही, तरी जवळजवळ प्रत्येक वाक्य अडखळते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. ज्या घरात कैलासाची कल्पना नाही, तिथे हे अक्षर नावाआधी लावणे योग्य नाही. ‘दिवंगत’ हा शब्द कोणालाही चालतो. मुस्लिम घरांत पुरुषासाठी मरहूम आणि स्त्रीसाठी मरहूमा म्हणतात. ‘सद्गती’मागे आत्म्याच्या पुढच्या प्रवासाची, पुनर्जन्माची आणि मोक्षाची कल्पना आहे. इस्लाममध्ये पुनर्जन्म नाही. मृत्यूनंतर माणूस कयामतच्या दिवसाची वाट पाहतो आणि त्या दिवशी त्याचा हिशेब होतो, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यामुळे मागे राहिलेले लोक मृतासाठी मगफिरत, म्हणजे त्याच्या चुकांना अल्लाहकडून क्षमा मिळावी, अशी दुआ मागतात आणि त्याला जन्नतमध्ये जागा मिळावी अशी इच्छा करतात. मित्र या गोष्टी मागत असताना पत्राने भलतेच काही मागणे त्याला खटकू शकते. मोबाइलवर सहज मिळणारी ‘ॐ शांती’ची चित्रे, तेवता दिवा किंवा हार घातलेली तसबीर यांचेही तसेच आहे. अनेक मुस्लिम घरांत मृताच्या फोटोला हार घालत नाहीत. मृत व्यक्तीचा, विशेषतः स्त्रीचा, फोटो स्वतःच्या स्टेटसला लावण्यापूर्वी घरच्यांना विचारलेले बरे.

‘रडत बसू नकोस’ हा सल्ला अनावश्यक आहे. आपला लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी आले होते, ही हकीकत बहुतेक मुस्लिम घरांत सांगितली जाते. डोळ्यांतले अश्रू आणि मनातले दुःख तिथे मान्य आहे. मोठ्याने आक्रोश करणे, छाती बडवणे सुन्नी परंपरेत निषिद्ध मानतात. शोक कसा करावा याची त्या घराला स्वतःची शिकवण आहे, बाहेरून ती सांगण्याची गरज नसते.

सगळ्यात मोठी चूक मात्र दिसायला सगळ्यात प्रेमळ असलेल्या वाक्यात आहे. तेराव्यानंतर चाचींना पुण्याला आणण्याचे आमंत्रण इद्दतच्या आड येते. तेरावे तर त्या घरात नसतेच. मुलाला आता मित्राचे प्रेम नाकारावे लागेल किंवा इद्दत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल, आणि दोन्हीचा भार त्याच्यावर पडेल. शेवटचे ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य कोणत्याही धर्मातल्या माणसाला अवघडच जाते, कारण काय लागेल ते शोधण्याचे आणि मागण्याचे काम ते दुःखातल्या माणसावर टाकते.

कोणाच्या शब्दांत दुआ करावी

‘सद्गती’ काढून टाकल्यावर त्या जागी काय लिहावे, हा खरा अवघड प्रश्न आहे. काही जण इंटरनेटवरून अरबी किंवा उर्दू वाक्य उतरवून पाठवतात. मृत्यूची बातमी ऐकल्यावर मुस्लिम माणसे कुराणातले एक वाक्य म्हणतात. आपण सारे अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, असा त्याचा आशय आहे. हिंदू मित्राने ते लिहिले तर कोणी रागावत नाही, उलट पुष्कळांना आपुलकी वाटते. पण ते वाक्य श्रद्धा व्यक्त करणारे आहे. ज्याची ती श्रद्धा नाही त्याने ते उतरवले तर पत्रातला तेवढा भाग उसना वाटतो, आणि उतरवताना अक्षर चुकले तर आणखी अवघड होते.

मित्र जी प्रार्थना करतो आहे तिच्या बाजूने उभे राहणे हा यातला सरळ मार्ग आहे. ‘त्यांच्यासाठी तुम्ही जी दुआ करत आहात, ती कबूल होवो’ या वाक्यात लिहिणारा स्वतःची श्रद्धा लपवत नाही आणि समोरच्याची उचलतही नाही. देव न मानणाऱ्यालाही ते प्रामाणिकपणे लिहिता येते. याच रीतीने ‘तुम्हा सगळ्यांना सब्र मिळो’ असे लिहिता येते, कारण दुःखात धीर धरणे, म्हणजे सब्र, याला त्या घरात मोठे मोल असते. असे एक वाक्य पुरेसे आहे. उर्दू शब्दांची गर्दी केली की पत्र मित्राचे न राहता मौलवीसाहेबांच्या भाषणासारखे होते. आणि मिरज, सोलापूर किंवा रत्नागिरीचा मुस्लिम मित्र एरवी मराठीतच बोलत असेल, तर दुःखाच्या वेळी त्याच्याशी अचानक दुसऱ्या भाषेत बोलू नये.

पत्राचा गाभा

पत्राचा बाकीचा भाग गेलेल्या माणसाविषयी असावा. त्याने कोणाला काय शिकवले, काय दिले, कोणत्या वेळी कसा वागला, हे बाहेरच्या माणसाला जे माहीत असते ते घरच्यांना माहीत असेलच असे नाही. मुस्लिम घरात अशा आठवणीला आणखी एक अर्थ मिळतो. माणूस गेल्यावर त्याची कर्मे थांबतात, पण तीन गोष्टींचे पुण्य त्याला मिळत राहते, अशी शिकवण आहे: चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारे अपत्य. तेव्हा ‘त्यांनी मला हे शिकवले आणि मी आजही ते वापरतो’ एवढे लिहिणारा मित्र, धर्माचा एकही शब्द न वापरता, त्या घराला सर्वात हवी असलेली बातमी देत असतो. फुलांचे चक्र पाठवण्यापेक्षा मृताच्या नावाने पाण्याची सोय करणे किंवा एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके घेऊन देणे तिथे अधिक जवळचे वाटते. अर्थात तेही कुटुंबाला विचारूनच करावे.

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. वारसांना वाटा मिळण्याआधी दफनाचा खर्च आणि मृताचे कर्ज फेडले जावे, असा इस्लामी वारसा कायद्याचा क्रम आहे. मृताच्या अंगावर कर्ज राहू नये याची घरच्यांना मोठी काळजी असते. जनाजाच्या वेळी मुलगा किंवा भाऊ उभा राहून सांगतो, की यांच्याकडून कोणाचे काही येणे असेल तर आम्हाला सांगा आणि कोणाला दुखावले असेल तर माफ करा. परगावच्या मित्राने ही घोषणा ऐकलेली नसते. त्याने मृताकडून काही घेतले असेल, तर ते परत करण्याची तारीख पत्रात लिहावी. त्याचे काही येणे असेल आणि ते सोडण्याची त्याची तयारी असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. ते सोडायचे नसेल, तर पहिल्या पत्रात विषय काढू नये, महिनाभराने शांतपणे बोलावे.

पुन्हा लिहिलेले पत्र

हे सारे ध्यानात घेऊन मिरजेच्या मित्राला लिहिलेले पत्र असे होईल:

‘प्रिय मित्रा,

चाचा गेल्याचं काल रात्री कळलं. दफन दुपारीच झालं होतं, त्यामुळे चाचांना खांदा द्यायचं राहून गेलं. ही खंत मला राहील.

सातवीच्या सुट्टीत मी रोज तुमच्या दुकानात येऊन बसायचो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुड्यांवरून भोक कसं शोधायचं, ते चाचांनी मला शिकवलं. कोणी पैसे विसरून आलं तर ते वहीत मांडत नसत, “देईल तो” एवढंच म्हणत. परवा माझ्या मुलीला पंक्चर काढायला शिकवताना माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य आलं: “घाई केलीस तर ठिगळ सुटणार.”

त्यांच्यासाठी तुम्ही सगळे जी दुआ करत आहात, ती कबूल होवो.

दुकानाच्या डागडुजीसाठी चाचांनी माझ्याकडून घेतलेल्या पैशांतले काही राहिले होते. ते मी मनापासून सोडले आहेत. त्यांचा हिशेब माझ्याकडे पूर्ण झाला असं समज.

चाची इद्दतमध्ये असतील. हिला त्यांना भेटायला यायचं आहे, पण तुमच्या घरी सोयीचं असेल तेव्हाच ती येईल. बँकेच्या आणि दुकानाच्या कागदांसाठी येत्या रविवारी मी मिरजेत येऊ शकतो. नको असेल तर फक्त “नको” म्हण. या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही.

तुझा’

पहिल्या मसुद्यातली माया या पत्रात तशीच आहे. फरक एवढाच, की इथे मित्राला काही समजावून सांगावे लागत नाही, काही नाकारावे लागत नाही आणि वडिलांविषयी त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट हाती येते. चाचींना भेटायला पत्नी येणार, हे वाक्यही विचारपूर्वक लिहिलेले आहे. इद्दतमध्ये स्त्रिया भेटायला येऊ शकतात, परपुरुषाची भेट मात्र अनेक घरांत टाळली जाते. पत्र मैत्रिणीला असते, तर एक काळजी आणखी घ्यावी लागली असती. शेवटच्या क्षणी कब्रस्तानात होतीस का, असे तिला विचारू नये. तिला तिथे जाता आलेले नसण्याचा संभव मोठा असतो, आणि त्याविषयी तिला काय वाटते हे तिने सांगितल्याशिवाय कळत नाही.

उशीर झाला तर

शास्त्रकारांनी ताजियतसाठी तीन दिवस योग्य मानले आहेत, कारण त्यानंतर दुःख पुन्हा उकरले जाते. पण जो दूर आहे किंवा ज्याला उशिरा कळले, त्याला त्यातून सूट आहे. म्हणून दोन आठवड्यांनी बातमी कळली तर ‘आजच कळलं’ असे स्पष्ट लिहून पत्र पाठवावे. पहिल्या दिवशी दोन ओळींचा निरोप आणि आठवड्याभरात सविस्तर पत्र, ही विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. पहिल्या दिवशी घरात कोणालाही लांब मजकूर वाचायला वेळ नसतो.

पुढच्या वर्षात दोन प्रसंगी पुन्हा लिहावे. पहिला प्रसंग आईची इद्दत पूर्ण होण्याचा. पुण्याला येण्याचे आमंत्रण तेव्हा द्यावे, कारण आता ते स्वीकारता येते. दुसरा प्रसंग पहिल्या ईदचा. अनेक घरांत ती ईद जड जाते. दरवर्षीच्या शुभेच्छांचे चित्र पाठवण्याऐवजी ‘आज चाचांची आठवण येत असेल’ असे एक वाक्य लिहावे. वर्षश्राद्धासारखी तारीख धरून लिहायचे असेल, तर हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, हे ध्यानात ठेवावे. घरच्यांचा दिवस त्यामुळे आधी येऊन गेलेला असतो.

एखादी बाब माहीत नसेल तर ती दुःखातल्या मित्राला विचारू नये. त्याच समाजातल्या दुसऱ्या ओळखीच्या माणसाला विचारावी. आपले पत्र चुकले का, हे उत्तरावरून ओळखता येते. मित्र वडिलांविषयी न बोलता आपल्याकडच्या प्रथा समजावून सांगू लागला, तर पत्रातल्या कोणत्या तरी गृहीतकाने त्याला ते करायला लावले आहे असे समजावे. अशा वेळी ‘मला माहीत नव्हतं, माफ कर’ एवढे म्हणून विषय पुन्हा वडिलांकडे न्यावा. लांबलचक माफीनामा लिहिला तर धीर देण्याचे काम पुन्हा त्याच्याकडेच जाते.

इतर धर्मांच्या मित्रांना लिहिताना तपशील बदलतात. पारशी कुटुंबासाठी चौथ्या दिवसाच्या पहाटेचे महत्त्व असते, बेने इस्रायली घरात शोकाचे सात दिवस पाळले जातात, गोव्यातल्या कॅथलिक घरात सातव्या दिवसाची आणि महिन्याची मीसा असते. पण लिहिण्याआधी शोधायच्या गोष्टी याच असतात: घरात आता कोणता काळ चालला आहे, कोणाला बाहेर पडता येत नाही, आणि मृतासाठी ते कुटुंब काय मागते आहे. एवढे ठाऊक नसताना धर्माविषयी काही लिहू नये. गेलेल्या माणसाची एक खरी आठवण आणि ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येईल अशी एक मदत लिहावी. तेवढ्याने पत्र पूर्ण होते, आणि ते पाठवायला संकोच करू नये.